जुन्या सायकलीची जन्मपत्रिका

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आणि जिन्याखालून काय काय बाहेर निघेल याचा नेम नसतो. तांब्याचा बंब निघतो, बिनकाट्याचे घड्याळ निघते, आणि पुण्यासारख्या सायकलींच्या गावात हमखास निघते ती आजोबांची सायकल. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा म्हणतो, छे, चांगली रंगवून घेऊ, दिवाणखान्यात शोभेल. वाचकहो, या दोन्ही पक्षांना माझी हात जोडून विनंती आहे की, आधी त्या सायकलीचे वय विचारा. ती सांगेल. मात्र तिचा रंग खरवडून झाल्यावर विचाराल तर सांगणार नाही, आणि पहिला पक्ष काय किंवा दुसरा काय, तिच्या दृष्टीने दोघे सारखेच ठरतील.

आपल्याकडे अशा वेळी जी सायकल निघते ती पुष्कळदा विलायतेच्या नॉटिंगहॅम शहरातली रॅले असते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. हे नाव कुणा सरदाराच्या हौसेने ठेवलेले नाही. कारखाना जिथे सुरू झाला त्या रॅले स्ट्रीटचे ते नाव. हँडलखालच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा पितळी बिल्ला, आणि पायडलजवळच्या दात्यांच्या चकतीतही कोरून काढलेले तीन बगळे, ही तिची ओळख. पण ओळख म्हणजे वय नव्हे. हे बगळे कित्येक वर्षे जसेच्या तसे होते.

सायकलीचे वय काढायचे म्हटले की सगळ्यांचे लक्ष पहिल्याने जाते ते फ्रेमच्या नंबराकडे. सीटची दांडी फ्रेममध्ये जिथे शिरते त्या सांध्यावर, किंवा उलटी केल्यास पायडलच्या आसाखाली, तो ठोकलेला असतो. नंबर सापडला की माणसाला वाटते, आता कुठला तरी तक्ता काढला की साल मिळालेच. इथेच फसगत होते. या कारखान्याने १९३२ मध्ये हंबरचा सायकलींचा धंदा घेतला, १९४३ मध्ये रज घेतला, आणि एकाच वेळी नंबरांच्या निरनिराळ्या मालिका चालू ठेवल्या. एक मालिका संपली की दुसरी सुरू झाली, त्यात अक्षरे पुढे आली, मागे गेली. त्या दफ्तरांपैकी काही नॉटिंगहॅमच्या अभिलेखागारात आहेत, पण साखळी सलग नाही. तेव्हा एकच नंबर दोन मालिकांत बसू शकतो, आणि तक्ता तुम्हाला एका दमात वीस वर्षांनी म्हातारे किंवा तरुण करून सोडतो. १९७३ नंतर मात्र कारखान्याने शहाणपणा केला. पहिले अक्षर कारखान्याचे, नॉटिंगहॅमसाठी ‘एन’. दुसरे अक्षर वर्षातल्या काळाचे. आणि त्यानंतरचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा. पण आपल्या आजोबांच्या सायकली त्याच्या आधीच्या. त्यांच्यासाठी दुसरा साक्षीदार शोधायला हवा.

तो मागच्या चाकात बसलेला असतो. पुष्कळशा चांगल्या रॅलेंना मागे स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा हब असे. हीही त्याच घरची कंपनी, १९०२ पासूनची. तिचा सर्वांत जास्त खपलेला हब म्हणजे ‘एडब्ल्यू’. मधला वेग सरळ, म्हणजे चेन जितकी फिरवील तितके चाक फिरणार. वरचा त्याहून एक-तृतीयांश जास्त. खालचा एक-चतुर्थांश कमी. पर्वतीच्या पायथ्याचा चढ आला की खालचा, लकडी पूल उतरताना वरचा. हा हब १९३६ मध्ये निघाला. आता आपल्या कामाची गोष्ट अशी की, युद्धानंतरच्या वर्षांत कंपनीने हबच्या नळकांड्यावर त्याच्या नावाबरोबर सालाचे शेवटचे दोन आकडे, आणि पुढे महिन्याचाही आकडा ठोकायला सुरुवात केली. कुणासाठी? तुमच्या-माझ्यासाठी अर्थातच नव्हे. पण आपल्याला ती जन्मतारीखच मिळाली.

हा शिक्का वाचायचा कसा तेही सांगतो. साठ-सत्तर वर्षांचे ग्रीस आणि धूळ तिथे दगडासारखी बसलेली असते. तिला सँडपेपर किंवा चाकू मुळीच लावू नका. अक्षरे उथळ असतात, मळाबरोबर तीही जातील. जुना दात घासायचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फिरवा. मळ मऊ झाला की चिंधीने पुसा, त्यावर खडूची पूड चोळा, आणि वरची पूड अलगद पुसून टाका. खोलगट अक्षरांत पांढरे राहील. मग खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवी धरा. समोरून प्रकाश पडला की काही दिसत नाही; आडव्या प्रकाशात सावली पडते आणि आकडा उठून दिसतो.

पण या साक्षीदाराचीही उलटतपासणी करायला हवी. हबावरची तारीख हबाची आहे, सायकलीची नव्हे. हब तयार होऊन काही महिने कारखान्यात पडलेला असू शकतो. तेव्हा तो इतकेच सांगतो की, सायकल याच्या आधीची नाही. आणि तेही केव्हा, तर हब मूळचा असेल तर! मध्येच कधीतरी चाक बदलले असेल तर हा साक्षीदार भलत्याच घराचा.

म्हणून वरच्या बाजूला बांध घालणारा तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो खास आपल्याकडचा आहे. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि कर भरला की धातूचा एक छोटा बिल्ला देत. त्यावर साल असे. तो लावला नाही तर रस्त्यात हटकत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दर वर्षी नवा बिल्ला येई, पण जुना काढण्याचे कष्ट सगळेच घेत असे नाही. तेव्हा हँडलच्या बोल्टाखाली, लॅम्पच्या पट्टीमागे, किंवा निदान घरातल्या खिळ्यांच्या डब्यात, ते बिल्ले सापडतात. त्यांतला सर्वांत जुना बिल्ला सांगतो की, सायकल याच्या नंतरची नाही, कारण त्या साली ती रस्त्यावर होती. हब सांगतो ‘आधीची नाही’, बिल्ला सांगतो ‘नंतरची नाही’. या दोन भिंतींमध्ये खरे साल सापडते.

हे सगळे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मध्यंतरी सदाशिव पेठेतल्या एका घरी मला सायकल बघायला बोलावले होते. नातू हौशी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सायकल १९३४ ची, कारण आजोबा त्या वर्षी सरकारी कचेरीत नोकरीला लागले आणि पहिल्या पगारातून त्यांनी सायकल घेतली. फ्रेमचा नंबर त्याने कुठल्याशा तक्त्यात बसवला होता, तिथेही १९३४ निघाले होते. एक गिऱ्हाईकही तयार होते, आणि रंगाऱ्याशी बोलणे झाले होते. दिवाळीपूर्वी सायकल खरवडून, काळीभोर रंगवून, सोनेरी रेघा मारून मिळणार होती. घरात त्याच्या आत्या होत्या, ऐंशी ओलांडलेल्या. त्या कोपऱ्यातून एवढेच म्हणाल्या, “अरे, ही सायकल आली तेव्हा मी चौथीत होते. नळ्यांना कागद गुंडाळलेला होता, तो मीच सोडवला.” यावर नातू हसून म्हणाला, “आत्या, तुमच्या जन्माच्या आधीची आहे ती.” आत्या गप्प बसल्या. बहुधा ही चर्चा पहिल्यांदा होत नसावी.

हब साफ केला. ‘एडब्ल्यू’, त्याखाली ५२, आणि बाजूला ३. म्हणजे मार्च १९५२. शिवाय १९३४ साली एडब्ल्यू जन्मालाच आलेला नव्हता. नातवाने लगेच योग्य हरकत घेतली: “हब नंतर बसवला असेल!” असू शकेल. मग आम्ही एकेक पाहत गेलो.

चाक नंतर बदललेले असते तर मागचे आणि पुढचे चाक एका वयाचे दिसले नसते. इथे दोन्ही रिम्स एकाच घडणीच्या, काठांवरचे क्रोम दोन्हींकडे सारखेच पिंपळले होते, आरे एकाच जाडीचे होते. पुढे बत्तीस आणि मागे चाळीस आरे ही जुनी विलायती रीतही तशीच होती. पण ती एकवेगी सायकललाही असे, म्हणून तिला मी पुरावा धरले नाही. खरा पुरावा दांडीवर होता. तीन वेगांच्या हबाला हँडलवर एक छोटा खटका लागतो, आणि तिथून तार दांडीवरच्या कप्पीवरून मागे जाते. ती कप्पी एका पट्टीने आवळलेली असते. आम्ही ती पट्टी सैल करून जरा सरकवली. खाली कारखान्याचा काळा रंग कालच्यासारखा तकतकीत, एक ओरखडा नाही. सायकल आधी अठरा वर्षे एकवेगी म्हणून उन्हापावसात वापरून मग तिला हा हब लावला असता, तर पट्टीखालचा रंगही बाहेरच्यासारखाच विटलेला सापडला असता. दांडीवर आणखी कुठे जुन्या खटक्याच्या पट्टीचा वळही नव्हता. कारण १९३४ ची तीनवेगी असती, तर तिचा खटका बहुधा दांडीवर असता. म्हणजे फ्रेम, कप्पी आणि हब एकाच दिवशी एकत्र आले होते.

बिल्ल्यावर ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ शाबूत होते. हेही पाहणे जरूर होते, कारण त्याच सुमारास बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला आणि तिथल्या सायकलींवरही रॅले हेच नाव येऊ लागले. शेवटी लॅम्पच्या पट्टीमागे तीन करबिल्ले एकावर एक सापडले. सर्वांत आतला १९५३-५४ चा. तेव्हा सायकल मार्च १९५२ च्या आधीची नाही आणि मार्च १९५४ च्या नंतरची नाही. आत्या चौथीत केव्हा होत्या? १९५३ साली. कागद त्यांनीच सोडवला होता.

मग १९३४ चे काय? आजोबांनी त्या वर्षी सायकल घेतलीच असेल. ती दुसरी असेल. घराच्या आठवणीत दोन सायकलींची एक झाली, इतकेच. नातवाच्या चेहऱ्यावर क्षणभर निराशा आली, कारण गिऱ्हाईक १९३४ च्या किमतीला होते. पण मी त्याला सांगितले की, तुझ्याकडे आता त्याहून दुर्मिळ गोष्ट आहे: जिचा एकही भाग बदललेला नाही आणि जिचे साल पुराव्यानिशी सांगता येते, अशी सायकल. फक्त रंगाऱ्याला निरोप पाठव.

रंगाला माझा एवढा विरोध का, हे विचाराल तर वरच्या हकिकतीकडेच बोट दाखवतो. कप्पीच्या पट्टीखालचा रंग नसता तर आम्ही काय सिद्ध करणार होतो? कारखान्याचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. सोनेरी रेघा कारागिराने हाताने ओढलेल्या असतात. नावाची चित्रे त्यावर चिकटवून वार्निश दिलेले असते. रंगारी आधी हे सगळे खरवडतो. नंबराच्या सांध्यावर पॉलिशपेपर फिरला की आकडेही निम्मे जातात, आणि उरलेले नव्या जाड रंगाने भरून येतात. करबिल्ले ‘गंजलेले पत्रे’ म्हणून केरात जातात. सायकल नवी दिसते हे खरे, पण ती आता कुठल्याही सालची असू शकते. मूळ स्थिती एकदाच मिळते. रंग काय, केव्हाही देता येतो.

जाणकार लोक जुन्या सायकलीच्या तीन अवस्था मानतात. पहिली, मूळची: विटलेली, पोपडे आलेली, पण सगळे आपले. दुसरी, जपलेली: साफ केलेली, तेलपाणी केलेली, झिजणारे भाग बदललेले, पण रंगाला हात न लावलेली. तिसरी, नव्याने रंगवलेली. तिसरी वाईटच असते असे नाही. फ्रेम आधीच कुणी निळी-हिरवी रंगवून टाकली असेल, किंवा गंजाने नळीला भोके पडली असतील, तर तिथे जपण्यासारखे काही उरलेलेच नसते, खुशाल रंगवावी. मात्र विकताना ती रंगवलेली आहे असे सांगावे.

न सांगणारेही असतात, म्हणून विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. एखादी पट्टी सैल करून खाली पाहावे. तिथे दुसरा रंग निघाला तर सायकल रंगवलेली. आऱ्यांच्या टोकांवर, तेल घालायच्या झाकणावर किंवा सांध्यांच्या खाचांत रंगाचे शिंतोडे दिसले तरी तेच. नावाची नवी चित्रे आणि बगळ्याचे नवे बिल्लेही तयार मिळतात. जुन्या बिल्ल्याच्या कडांना आणि त्याच्या रिव्हेटांना सारखाच मळ असतो, नव्याच्या रिव्हेटा चकाकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झीज जुळली पाहिजे. पायडलची रबरे गुळगुळीत आणि चकतीचे दाते मात्र कोरे टोकदार, असे कधी होत नाही. पाय आणि चेन बरोबरच चालत असतात.

सदाशिव पेठेतल्या सायकलीला आम्ही काय केले, तेही सांगून टाकतो, म्हणजे घरी करता येईल. रंग फक्त साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसला; सोनेरी रेघांवर रॉकेल किंवा स्पिरिट जाऊ दिले नाही, कारण स्पिरिटने वार्निश विरघळते आणि रेघ फडक्यावर येते. क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला. तो क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. हबच्या झाकणातून चमचाभर पातळ तेल घातले आणि एक रात्र मुरू दिले. सकाळी तिन्ही वेग बोलू लागले. अठ्ठावीस बाय दीडचे टायर आपल्याकडे आजही नवे मिळतात, ते घातले. चामड्याची सीट फाटली होती. ती टाकली नाही, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवली आणि बसायला दुसरी घेतली. पायडलच्या आसाच्या वाट्या बदलायच्या झाल्यास एक सावधगिरी हवी. रॅलेचे आटे इंचाला सव्वीस असतात, इतर बहुतेक विलायती सायकलींचे चोवीस. दुसरी वाटी जोराने बसवली की फ्रेमचेच आटे जातात. म्हणून मूळच्या वाट्या धुऊन, छर्रे तेवढे नवे घातले.

ज्यांच्या घरात सायकलीऐवजी स्कूटर आहे त्यांनी रुसू नये. तिथेही तर्क हाच, फक्त नंबर जास्त बोलका आहे. इटलीच्या व्हेस्पाच्या नंबराआधी काही अक्षरे असतात. ‘व्हीबीबी१टी’ म्हणजे १९६० च्या सुमारास निघालेले दीडशे सी. सी. चे मॉडेल. शेवटचा ‘टी’ इटालियन भाषेतल्या फ्रेमचा. इंजिनावर तीच अक्षरे, पण शेवटी ‘एम’, म्हणजे मोटर. एकीकडे ‘व्हीबीबी१टी’ आणि दुसरीकडे भलतीच अक्षरे असतील तर इंजिन बदललेले समजावे. बिल्लाही पाहावा: पिआज्जिओ कंपनीचा षट्‌कोनी बिल्ला १९६७ पासूनचा, तेव्हा त्याआधीच्या मॉडेलच्या नाकावर तो चमकत असला तर तो नंतर कुणी लावला आहे. आपल्या बजाजने १९६० च्या दशकात पिआज्जिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवल्या. तो करार १९७१ मध्ये संपला. म्हणून आपल्याकडची प्रत्येक व्हेस्पा इटलीहून आलेली नसते, आणि रंगवून ‘इटालियन’ केलेल्या पुष्कळ असतात. स्कूटरच्या बाबतीत आणखी एक पाहावे लागते. दोन्ही नंबर नोंदणीच्या पुस्तकाशी जुळले पाहिजेत. जिथे नंबराभोवतीचा पत्रा खरवडलेला किंवा आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसतात, तिथून हौशी माणसाने सरळ घरी परतावे. तो वयाचा प्रश्न नसून पोलिसांचा असतो.

तेव्हा यंदा माळ्यावरून सायकल उतरवलीत तर एवढे करा. कशालाही हात लावण्यापूर्वी तिचे चारी बाजूंनी फोटो काढा. फ्रेमचा नंबर, हबावरचे आकडे आणि सापडतील तेवढ्या बिल्ल्यांची साले एका कागदावर लिहा. मग घरातल्या सर्वांत वडील माणसाला, विशेषतः ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना, विचारा की ही घरी आली तेव्हा तुम्ही कितवीत होता. तेही त्याच कागदावर लिहा, आणि कागद सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत घालून ठेवा. हबावरचे आकडे आणखी पन्नास वर्षे टिकतील. माणसाची आठवण मात्र याच दिवाळीत लिहून घ्यायला हवी.